काळ्यावर म्हणे काही दिसत नाही

मागच्या जुलैतली गोष्ट. ऑफिसात पोचून तासभर झाला असेल. पाणी प्यायला उठले, तर मागच्या खुर्चीवरची मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, मागे बघ जरा." मान वळवून पाहिलं. माझ्या काळ्याभोर पँटवर घोट्यापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत राखाडी ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. कोणीतरी विभूती फुंकरीने उडवावी, तशी. सकाळी घरातून निघताना पँट काळी होती, डोंबिवली स्टेशनच्या पुलावर काळी होती, लोकलमध्येही काळीच होती. मग हे ठिपके आले कुठून?

ते सकाळपासून तिथेच होते, फक्त ओले होते. ऑफिसच्या एसीत वाळले आणि दिसायला लागले.

पावसाळ्यात गडद घाल, काळ्यावर काही दिसत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तुम्हीही ऐकलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की हा सल्ला अर्धाच खरा आहे. पावसात कपड्यावर एक डाग पडत नाही, दोन पडतात. पहिला ओलाव्याचा, तो कपड्याहून गडद असतो आणि वाळला की जातो. दुसरा चिखलाचा, तो ओला असताना लपून राहतो आणि वाळला की फिका होऊन वर येतो. काळा रंग पहिल्याला लपवतो आणि दुसऱ्याला चव्हाट्यावर आणतो. फिक्या रंगाचं बरोबर उलट. म्हणजे पावसाळी रंग निवडायचा तर दोघांशी एकदम जमवून घेणारा हवा, आणि इथेच सगळी मेख आहे.

ओलं कापड गडद का दिसतं, हे आपण कधी विचारत नाही, कारण ते रोजचंच आहे. पाण्याला तर रंगच नाही! सुती कापडात धाग्याधाग्यांमध्ये हवा असते. प्रकाश धाग्यावर पडतो, हवेत येतो, पुन्हा धाग्यावर आदळतो, आणि अशा उलटसुलट उड्या मारत त्यातला बराचसा लवकरच आपल्या डोळ्याकडे परत येतो. हवा आणि धागा यांच्यात प्रकाशाच्या दृष्टीने मोठी तफावत असते, म्हणून या उड्या. हवेच्या जागी पाणी शिरलं की तफावत कमी होते. मग प्रकाश मागे न फिरता कापडात खोलवर जातो आणि वाटेत जास्त रंग त्याला गिळतो. शिवाय बाहेर पडू बघणारा काही प्रकाश पाण्याच्या पातळ थरावरून आतच परतवला जातो. ओल्या पृष्ठभागांबद्दल हे दुसरं कारण स्वीडनच्या अँडर्स आँगस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने १९२५ साली मांडलं होतं. त्याच्यापुढे ओली जमीन होती, माझ्यापुढे ओली पँट आहे, तत्त्व तेच.

यातून निवडीसाठी कामाची गोष्ट निघते. काळ्या कापडात गिळायला फारसा प्रकाश उरलेलाच नसतो, म्हणून ते भिजून आणखी काळं होत नाही. पांढऱ्यात गिळणारा रंग नसतो, म्हणून ते गडद न होता पारदर्शक होतं, आणि ही वेगळीच पंचाईत. मधल्या पट्ट्यातले रंग मात्र भिजल्यावर सर्वांत जास्त बदलतात: फिका राखाडी, आकाशी, खाकी, बदामी. त्यातही पांढरे-काळे तंतू मिसळून विणलेला राखाडी टीशर्ट म्हणजे कहर. छत्रीतून ओघळलेला एकेक थेंब त्यावर मोजता येतो. जिमला जाणाऱ्या मुलांना हे घामामुळे माहीत असतं.

खाकी तर मुळात डाग लपवायलाच जन्मलेला रंग. खाक म्हणजे धूळ, माती. १८४०च्या दशकाच्या शेवटी पेशावरकडच्या इंग्रजांच्या एका पलटणीने तिथल्या धुळीत मिसळून जाण्यासाठी तो अंगावर चढवला. पण ती कोरड्या मुलखाची धूळ होती. पावसात आमच्या रिक्षावाल्या काकांचा खाकी शर्ट बघा. रिक्षाच्या उघड्या बाजूचा खांदा आणि बाही काळपट तपकिरी, बाकी शर्ट कोरडा, मधली सीमारेषा नकाशावर काढल्यासारखी. त्याच शर्टावर चिखल उडून वाळला तर मात्र शोधावा लागतो.

माझं माहेर कुडाळजवळचं. तिथला चिखल वेगळा. जांभ्या दगडाची तांबडी माती, तिच्यात लोखंडाचा गंज मुरलेला. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आठवड्याभरात आमचे पांढरे मोजे तांबूस व्हायचे आणि दिवाळीपर्यंत तसेच राहायचे. आईने एकदा वैतागून सदऱ्यावरच्या डागाला ब्लीचिंग पावडर लावली. सदऱ्याची कॉलर जीर्ण झाली, डाग हलला नाही. ब्लीच हळदीचा, चहाचा रंग मोडतं. गंजाचं ते काही करू शकत नाही. त्याला आंबट काहीतरी लागतं. पुढे लिंबू-मिठाने तो डाग फिकट झाला, पण गेला नाहीच.

आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. पावसाळ्यात ती विटकरी नाहीतर डाळिंबी लुगडं नेसायची, काठ काळपट. मी एकदा तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "तांबडी माती लागली काय लुगडा तांबडाच होतला गो. मगे आदीच तांबडा नेसूक काय झाला?" मला तेव्हा ते नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. आता वाटतं, एवढी साधी गोष्ट मी ऑफिसच्या पँटपर्यंत पोचवली कशी नाही!

कारण डोंबिवलीचा चिखल तांबडा नाही. इथे रस्ते सिमेंटचे, आजूबाजूला कायम एखादी इमारत उठत असलेली. खडीची भुकटी, सिमेंट, टायरची काजळी, गटाराचं पाणी आणि कुठूनतरी आलेलं तेल, असं ते रसायन. ओलं असताना जवळजवळ काळं, वाळलं की राखेच्या रंगाचं. देशावर काळ्या मातीत राहणाऱ्यांचा चिखल आणखी निराळा. चिकट, तळव्याला किलोभर लागणारा, वाळला की काळपट करडा. म्हणजे पावसाळ्यात कोणता रंग घालावा याला एकच उत्तर नाही. तुमच्या रस्त्यावरचा चिखल वाळल्यावर कसा दिसतो, तिथून सुरुवात करावी लागते.

मी तशी सुरुवात केली. आमच्या शिवणवाल्या ताईंकडून चिंध्यांची पिशवी मागून आणली आणि त्यातून दहा तुकडे काढले: काळा, गडद निळा, बॉटल ग्रीन, मरून, विटकरी, मोहरी, मेंदी, खाकी, तो राखाडी होजिअरीचा, आणि एक अजरखसारख्या बारीक छपाईचा. गल्लीच्या कोपऱ्यावरचा चिखल आइसक्रीमच्या डब्यातून आणला. (वॉचमनने विचारलं, "मॅडम, झाडाला का?" मी हो म्हणाले. खरं सांगितलं असतं तर पुढचा पावसाळा त्याला पुरला असता.) तुकडे दांडीवर टांगले, जुना टूथब्रश चिखलात बुडवून अंगठ्याने फर्रकन उडवला, आणि तीनदा बघितलं. लगेच, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर, आणि धुऊन सुकल्यावर. बघायचं अंतर तिन्ही वेळा तेच, गॅलरीच्या दारातून, साधारण सहा फुटांवरून. डाग जवळून कोणीच बघत नाही, तो बघितला जातो जिना चढताना मागून.

लगेच बघितलं तेव्हा अपेक्षेप्रमाणे काळा, निळा आणि बॉटल ग्रीन साळसूद. मरूनसुद्धा. विटकरीवर आणि मेंदीवर ओले ठिपके दिसत होते, पण ओरडत नव्हते. मोहरी, खाकी आणि राखाडी मात्र गोवर आल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सगळा डाव उलटला. काळ्यावर आणि निळ्यावर राखेचे ठिपके लख्ख. बॉटल ग्रीन आणि मरून यांचीही तीच गत, थोडी कमी. खाकी आणि राखाडी आता निरागस. मोहरीवर करडे ठिपके होते, पण फटकन डोळ्यात भरत नव्हते. मेंदीवर शोधावे लागले. छापील तुकड्यावर मी दोन्ही दिवस बोट ठेवून ठेवून डाग शोधले, आणि दोनदा नक्षीलाच डाग समजले.

मग भावाला सांगून गावाहून मूठभर माती मागवली. तो म्हणाला, "वेड लागलाहा काय?" पण पाठवली, फणसपोळीच्या पुडक्याबरोबर. तिचा चिखल करून हाच प्रकार केला तर पुन्हा वेगळाच निकाल. विटकरीवर काहीच दिसेना, मरूनवर नावापुरतं. खाकी नापास. आणि सर्वांत वाईट बॉटल ग्रीन: हिरव्यावर तांबडं उठून दिसतंच, कुंकवाचे शिंतोडे पडल्यासारखं ते दिसलं. डोंबिवलीत मध्यम गुण मिळवणारा रंग कुडाळात शेवटच्या बाकावर.

छापील तुकडा दोन्ही मातींत पास झाला, म्हणून त्याच्याबद्दल थोडं जास्त. नुसती प्रिंट असून भागत नाही. माझ्याकडे मोठ्या फुलांचा एक कुर्ता आहे. फुलांमध्ये तळहाताएवढी मोकळी जागा, आणि शिंतोडा नेमका तिथेच बसतो. साध्या कापडाइतकाच तो उघडा पडतो. चालताना उडालेला शिंतोडा साधारण मुगापासून हरभऱ्याएवढा असतो. नक्षीचे तुकडेही त्याच मापाचे हवेत, म्हणजे डोळा त्याला नक्षीतच धरतो. दुसरं म्हणजे नक्षी फार शिस्तीची नको. बारीक चौकडी किंवा एका ओळीतले ठिपके असले की त्यात एक ठिपका जास्त झालेला डोळ्याला लगेच कळतो. रांगेत घुसलेला माणूस कळतो तसा. वेलबुट्टी, दाट पानं, तिरकस भरलेली नक्षी बरी. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्या नक्षीत एक गडद, एक मधला आणि एक फिका असे तीन थर हवेत. ओला डाग गडद थरात लपतो, वाळलेला डाग फिक्या थरात. अजरखमध्ये निळीचा गडद, मंजिष्ठेचा लाल, काळ्या रेघा आणि मधूनच पांढऱ्या कड्या असतात, म्हणून ती इतकी चालते. आणि गंमत बघा, राजस्थानातल्या दाबू छपाईत तर चिखलच कापडावर छापतात. माती, चुना आणि डिंक यांचा लगदा जिथे लागतो तिथे रंग चढत नाही. कोणी आयुष्यभर चिखलाने कपडे सजवतो, कोणी चिखलापासून वाचवत बसतो.

आता हे सगळं ऐकून नवऱ्याने जो प्रश्न विचारला तो रास्त होता. "म्हणजे चार महिने चिखलाच्या रंगाचे कपडे घालून फिरायचं?" बाहेर आभाळ करडं, रस्ता करडा, त्यात आपणही मातकट, म्हणजे ओल्या गोणपाटासारखं दिसायचं. डाग लपवण्यात जे रंग सर्वांत हुशार, तेच अंगावर सर्वांत उदास. ढगाळ उजेडाला सावली नसते, त्यामुळे कापडाची घडी, चुणी, पोत काही उठून दिसत नाही. रंगात जीव नसेल तर माणूस सपाट दिसतो.

याचं उत्तर मला पुन्हा आजीच्या लुगड्यातच सापडलं, पण त्याआधी शिंतोडे येतात कुठून ते बघायला लागलं. मी समजत होते की गाड्या उडवतात. गाड्या उडवतात तो एखादा मोठा फवारा, तो कंबरेपर्यंत येतो आणि त्याला कोणताच रंग पुरत नाही, घरी परत जावं लागतं. रोजचे शिंतोडे आपले आपणच उडवतो. चप्पल टाचेपाशी सुटी असते. पाऊल उचललं की ती मागे लोंबते आणि टाचेवर फटकन आपटते, आणि तळाला लागलेलं पाणी वर फेकलं जातं. म्हणून डाग पुढे नसतात, मागे असतात, पोटरीवर. स्लीपर घालून भराभर चालणाऱ्या माणसाच्या पाठीपर्यंत ठिपके गेलेले मी पाहिलेत. टाचेला पट्टा असलेली सँडल घातली की निम्म्याहून जास्त प्रकरण मिटतं. उरतं ते गुडघ्याखाली.

म्हणजे झाकायचं आहे ते गुडघ्याखालचं. वर मोकळीक आहे. आजीच्या लुगड्यात हेच होतं: काठ गडद आणि दाट विणीचा, तोच जमिनीजवळ, अंग डाळिंबी, उजळ. इरकलीचे, खणाचे काठ बघा. काठ काही चिखलासाठी जन्माला आला असं मी म्हणत नाही, पण चिखलाला तोंड द्यायला तोच पुढे असतो. तेव्हा आता माझी पावसाळी मांडणी अशी: खाली बारीक दाट छपाईची, घोट्याच्या चार बोटं वर संपणारी सैल पँट, मेंदी-विटकरी-काळ्याच्या घरातली. वर राणी, मोरपंखी, हळदी, जांभळा, जो हवा तो भरघोस रंग. ओढणी घेतलीच तर छोटी, कारण लोकलच्या गर्दीत लांब ओढणीचं टोक दुसऱ्यांच्या छत्र्या पुसत फिरतं.

वरच्या रंगातही एक पथ्य पाळते. फिके रंग, म्हणजे बेबी पिंक, पिस्ता, लव्हेंडर, पावसाळ्यात टिकत नाहीत. डाग पडतात म्हणून नव्हे, तर मळ त्यांच्यात मिसळतो म्हणून. गढूळ पाण्यातली बारीक माती धुतल्यावरही थोडी राहते. फिक्या रंगावर तिची साय बसली की तो जुनाट दिसतो, अगदी गडदवर बसली की धुरकट दिसतो. मधल्या पण तेजदार रंगावर ती सर्वांत कमी जाणवते. मोहरी मी खालून काढून वर आणली ती याचसाठी. छत्रीचे थेंब तिच्यावर दिसतात, पण पंधरा मिनिटांत वाळून जातात, आणि करड्या आभाळाखाली ती दिव्यासारखी दिसते.

आता वाळण्याबद्दल, कारण रंग ओला असताना सगळेच देखणे दिसतात. विटलेली काळी जीन्स बादलीतून काढताना कशी नवीकोरी दिसते, आठवतंय? सुकली की पुन्हा करडी. धुऊन धुऊन तिच्यावर बारीक तुसं उठलेली असतात आणि ती उजेड इकडेतिकडे फेकतात. पाणी त्यांना तात्पुरतं दाबतं, एवढंच. म्हणून सुती गडद कपडा मी उलटा करून धुते आणि उलटाच वाळत घालते, तुसं आतल्या बाजूला उठू देत.

चिखल लागलेला कपडा घरी आल्याआल्या साबण लावून घासणं ही माझी जुनी चूक. ओली माती घासली की ती धाग्यात आणखी रुतते आणि मग ती साय कायमची बसते. वाळू द्यावा, कोरड्या ब्रशने झटकावा, मग उलट्या बाजूने नळाखाली धरावा, म्हणजे माती आली त्या वाटेने परत जाते. पाणी स्वच्छ येईपर्यंत साबणाला हात लावायचा नाही. आणि डागापुरतंच ओलं करून सोडायचं नाही. कापडाचा तुकडाच ओला झाला तर पाणी वाळताना मळ कडेला ढकलत नेतं आणि तिथे तपकिरी रिंगण सोडून जातं. रेशमावर आणि रेयॉनवर हे रिंगण हमखास पडतं. त्यापेक्षा सबंध पाय भिजवलेला बरा.

कपडा किती वेळात सुकेल हे रंगावर ठरत नाही, निदान ऊन नसताना तरी नाही. ते ठरतं त्याने किती पाणी प्यालं त्यावर. सुती धागा कोरड्या दिवशीही हवेतली ओल धरून असतो, वजनाच्या सुमारे ८ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिएस्टर क्रेपची छापील पँट आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली एका रात्रीत तयार होते. मलमलीचा कुर्ताही साधारण तेवढ्यातच, कारण तो पातळ आहे. जाड सुती सलवारला दुसरी रात्र लागते, जीन्सला तिसरी, आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत कुबट वास आलेला असतो. हा वास कपडा ओलसर राहून त्यात जिवाणू वाढल्याचा, आणि तो सुरू होतो ठरावीक जागी. कपडा सुकलाय की नाही हे मी मधल्या भागाला हात लावून बघत नाही. नाडीचा नेफा आणि खालची दुमड, ही दोन ठिकाणं चिमटीत धरून बघते. तिथे कापड दुहेरी-तिहेरी असतं. म्हणूनच पावसाळ्यासाठी शिवताना नेफ्याऐवजी पातळ इलॅस्टिक आणि रुंद दुमडीऐवजी बारीक दुमड सांगते. पांढरा कुर्ता याच कारणासाठी माझ्या यादीतून गेला. भिजला की पारदर्शक, म्हणून अस्तर हवं. अस्तर लावलं की सुकत नाही.

रेयॉनला मात्र मी भुलले होते. रंग त्यावर सुंदर चढतात, दुकानात सुळसुळीत लागतं. पावसात भिजलं की जड होऊन लोंबतं, कुर्ता दोन बोटं लांब झाल्यासारखा वाटतो, आणि ओलं असताना त्याचा धागा निम्म्याने कमजोर होतो. बसमध्ये चढताना एकाच्या पायाखाली माझा घेर आला आणि टर्रकन गेला. क्रेप त्याच्यासारखंच सुळसुळतं, म्हणून घेताना लेबल वाचते. उकाड्याच्या दिवशी पॉलिएस्टर अंगाला चिकटतं हे खरं, म्हणून ते पायांपुरतंच, पाठीला मलमल.

एक गोष्ट राहिली, कच्चा आणि पक्का रंग. कपडा शिंतोडे लपवेल, लवकर सुकेल, पण स्वतःच रंग सोडत असेल तर सगळं वाया. माझ्या लग्नातल्या हळदी रंगाच्या सुती साडीला फॉल बसवून दिला होता, हिरव्या काठाला जुळणारा हिरवा. पहिल्याच पावसात काठ भिजला आणि फॉलने रंग सोडला. काठाच्या वर वीतभर उंचीपर्यंत हिरवट लाट चढली, आणि ती सुकताना कडेला आणखी गडद होत गेली. साडीचा रंग पक्का होता, फॉलचा कच्चा. साडी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, फॉल मात्र जुळता रंग दिसला की झालं. तेव्हापासून फॉल रात्रभर भिजवून, आटवून, पाणी निवळ आलं तरच शिवायला देते. कपड्याच्या बाबतीत पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर वीसेक वेळा घासून बघते. रुमाल रंगला तर तो कपडा ऑक्टोबरनंतरचा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं शेजारच्या काकू आजही सांगतात. मी दोन गडद निळे कुर्ते भिजवून पाहिले. मिठाच्या पाण्यात सुटा रंग कमी येतो, साध्या पाण्यात घातलं की पुन्हा येतो.

कटपीसवाल्या काकांकडे मेच्या शेवटी गेले होते. त्यांनी सवयीने काळ्याचा तागा उलगडला. "ताई, पावसाळ्याला हेच बेस्ट, काही दिसत नाही." मी मेंदी रंगाची, बारीक पानांची, मध्येच विटकरी ठिपके आणि काळी देठं असलेली क्रेप काढायला लावली, खिशातून ओला रुमाल काढला आणि कोपरा घासला. ते बघत राहिले. मग स्वतःच आतून अजून तीन ताग्यांची टोकं आणून पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "हेही घासून बघा, मलाही कळू दे."

रुमालावर एकाने रंग सोडला. मी मेंदीचं अडीच मीटर घेतलं.

त्या पँटला आता दीड महिना झाला. जुलै संपत आलाय, मागे बघ असं अजून कोणी म्हणालेलं नाही. नवऱ्याने याच जूनमध्ये ऑफिससाठी दोन काळ्या पँट घेतल्या, कारण काळ्यावर काही दिसत नाही. रोज संध्याकाळी तो दारात उभा राहून मान वळवून पोटऱ्या बघतो. मी काही बोलत नाही. कोरडा ब्रश चपलांच्या स्टँडवरच ठेवलेला असतो, तो त्याच्या हातात देते.